भाचीच्या लग्नातला ब्लाऊज

हसा खुशाल, पण माझी फजिती ऐकून मग हसा!

मी इंदापूरला घरीच ब्लाऊज शिवते. हात बरा आहे म्हणतात लोक. लोक म्हणतात हो! माझ्या आत जी एक बाई बसली आहे, ती नाही म्हणत. शिलाई सरळ आली की म्हणते, "कापड चांगलं होतं." गिऱ्हाईक खूश झालं की म्हणते, "बिचारी मन राखतेय." काम खाली ठेवताना आतून एकदा नुसतं 'छान' ऐकू यावं, एवढीच माझी हौस. इतक्या वर्षांत नाही आलं.

कऱ्हाटीच्या माझ्या भावाच्या मुलीचं, पिंकीचं लग्न ठरलं. लग्नाचा ब्लाऊज आत्यानेच शिवायचा! झालं. मी बाही लावली, उसवली. परत लावली, परत उसवली. डावी बाही सूतभर वर वाटायची. टेपने मोजलं तर दोन्ही सारख्या. आतली म्हणाली, "टेप जुनी आहे."

वहिनी न्यायला आली. ती काही बोलायच्या आधीच मी सुरू.

"वहिनी, बिघडलाय गं. बारामतीच्या बुटिकमध्ये नीट करून घे."

"अवो वन्सं, झ्याक झालाय की!"

"तुला नाही कळायचं. पोरीचं लग्न आहे, हसं होईल."

एवढं टुमणं लावल्यावर ती तरी काय करणार? नेला बुटिकमध्ये.

लग्नात पिंकी समोर आली आणि मी बघतच राहिले. बाही कशी बसलेली! गळा कसा गोल! माझे डोळेच भरून आले. शेजारच्या बायकांना हाताला धरून दाखवलं, "याला म्हणतात हात! आमचं आपलं कसंतरी." माझी दोन जुनी गिऱ्हाइकं तिथंच म्हणाली, "मग आता आमी बी तिकडंच टाकतो!"

"टाका की," मी म्हणाले. स्वतःच्या तोंडाने!

मग वहिनीला गाठलं. "काय काय उसवलं गं त्यांनी?"

"कुठं काय? बुटिकवाली म्हनली, हितं उसवण्यासारखं कायबी न्हाय. इस्त्री केली आन् पाठीला लटकनं लावली. शिलाई समदी तुमचीच हाय."

मी पुन्हा पिंकीकडे पाहिलं. खरं सांगते, तोच ब्लाऊज, तीच पोर, आणि आता मला काखेत चुणी दिसायला लागली!

वहिनीने माझा दंड धरला. "वन्सं, आत्ता रडत हुता का न्हाय कवतिकानं? मग आता एकदा म्हना, छान झालाय!"

मी तोंड उघडलं. शब्द अगदी ओठांवर आला हो!

"छान..." मी म्हणाले, "छान लावलीत लटकनं."