मेलेला मामा पत्ते खेळतो

बटणकाकूंच्या दुकानात बटणं, लेस, चेन, दोरा असं सगळं मिळायचं आणि त्यावर एक टोमणा फुकट. नवरा गेल्यापासून दुकान त्याच चालवत. दुपारी घरी येऊन जेवायचं, आपल्या तरुणपणी गाजलेली एक मालिका पुन्हा लागत होती ती बघायची, आणि परत गल्ल्यावर.

एकदा रात्री जेवताना त्या म्हणाल्या, "काल वारलेला मामा आज पत्ते खेळत होता."

सुनेने मुलाकडे पाहिलं, मुलाने सुनेकडे.

दोन दिवसांनी मालिकेतल्या मुलीचं आदल्याच दिवशी मोडलेलं लग्न ठरायला लागलं. काकूंनी तेही सांगितलं. मुलगा विमा कंपनीत होता. धोका नसला तरी त्याला आधीच दिसायचा.

"आई, हल्ली तुझा गोंधळ व्हायला लागलाय. पैशांचा व्यवहार आहे, उद्या काही झालं तर? महिनाअखेर दुकान बंद करू."

"गोंधळ टीव्हीत आहे."

"टीव्हीचा कसा होईल? भागांना नंबर असतात, ते ओळीने लागतात."

काकूंनी वाहिनीला पत्र लिहिलं. 'तुमच्या मालिकेचं पुढचं मागे झालं आहे, कृपया बघावे.' आठवड्याने उत्तर आलं: सर्व भाग आमच्या नोंदीप्रमाणे अनुक्रमानेच दाखवले जात आहेत, आपल्या प्रेमाबद्दल आभार. मुलाने ते मोठ्याने वाचलं आणि घडी घालून अगदी हळूच टेबलावर ठेवलं. तो ओरडला असता तर काकूंना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात त्या प्रत्येक बटण दोनदा उजेडात धरून बघत होत्या. इतकी वर्षं त्यांनी तसं कधी केलं नव्हतं.

"काकू, काळंच आहे ते," गिऱ्हाईक शिंपी म्हणाला. "रंग उडायच्या आत द्या."

"तुझ्या तोंडाला लावायला एक जास्तीचं देते, थांब," काकू म्हणाल्या, पण नेहमीचा जोर नव्हता.

मात्र त्या दुपारपासून त्यांनी मालिका वेगळ्या नजरेने बघितली. कोण मेलं, कोणाचं ठरलं, ते सोडून दिलं. भाग कुठे संपतो आणि कुठे सुरू होतो, तेवढंच. चार दिवसांत त्यांच्या ध्यानात आलं की गोष्ट सगळीकडे विस्कटलेली नाही. शिवताना टीप पक्की करायला सुई जशी पुढे जाऊन मागे येते, तशी ती एक दिवस पुढे उडी मारते आणि दुसऱ्या दिवशी मागे येते.

दुसरं पत्र त्यांनी असं लिहिलं: 'माझ्या आठवणीवर विश्वास ठेवू नका, माझा मुलगाही ठेवत नाही. बुधवारच्या भागाच्या शेवटी मोठी सून दार उघडते. मंगळवारचा भाग त्याच दारातून आत येणाऱ्या पाहुण्याने सुरू झाला होता. मंगळवारी धाकट्याच्या हाताला प्लास्टर होतं, आणि बुधवारी तो शिडीवरून पडला. दोन्ही भाग एकापुढे एक लावून कोणीतरी डोळ्यांनी बघा. नोंद बघू नका.'

रविवारी सकाळी फोन आला. वाहिनीत कार्यक्रमांचा क्रम लावणारी मुलगी बोलत होती.

"काकू, तुमचं बरोबर आहे. आम्ही फक्त फाइलचे नंबर बघतो, आणि ते ओळीनेच होते. पण मालिका जुन्या टेपवर होती, एका टेपवर दोन भाग. काही टेपच्या डबीवर कोणीतरी नंतरच्या भागाचा नंबर वर लिहिला होता आणि आधीचा खाली. टेपवरून कॉम्प्युटरवर उतरवणाऱ्याने वरचा नंबर पहिल्या भागाला दिला."

"आणि भागाच्या सुरुवातीला नंबराची पाटी असते ना?"

"असते. पण जाहिरातींना जागा हवी म्हणून पाटी आणि 'मागील भागात' दोन्ही कापलं होतं. आता मूळ टेप काढून प्रत्येक पाटी तपासतोय. उलटे गेलेले सगळे भाग सोमवारपासून पुन्हा, नीट क्रमाने लावू, आणि खाली पट्टीवर दिलगिरी."

काकूंनी फोन स्पीकरवर टाकला. "बाळ, हे सगळं एकदा सावकाश सांग. इथे एक विमावाले बसलेत."

मुलीने सांगितलं. मुलगा ऐकत राहिला. फोन ठेवल्यावर सून म्हणाली, "अहो, गोंधळ फाइलमध्ये निघाला. आता वाहिनी बंद करता का?"

"दुकानाचं राहू दे," तो म्हणाला. "आई, मी घाई केली."

"केलीस. काळजीने केलीस, म्हणून सोडते."

सोमवारी त्याने अर्धी रजा काढली आणि आईशेजारी बसून भाग बघितला. मंगळवारी आणखी एक. तिसऱ्या दिवशी ऑफिसातून त्याचा फोन आला, आवाज दबका. "आई, तो पत्ते खेळणारा नक्की कोण?"

"मामा. काल सांगितलं होतं ना तुला?" काकू शिंप्यासाठी लेस मोजता मोजता म्हणाल्या. "बघ बाबा, हल्ली तुझा जरा गोंधळ व्हायला लागलाय."