विटेचा मार नव्हता

भूकंपानंतरच्या वर्षांत लातूरमध्ये शिकवणीच्या क्लासला येणाऱ्या पोरांसाठी वसतिगृहं उठत होती आणि माझे अब्बा त्यांवर गवंडीकाम करत होते. एका रात्री ते कण्हत उठून बसले. पायाच्या अंगठ्याचा सांधा लालबुंद सुजून तापला होता. चादरीचा स्पर्शही सोसवत नव्हता.

"काही लागलं का?" मी विचारलं.

"वीट पडली असंल. ध्यानात न्हाई."

वीट पडली असती तर दुखणं कामावरच सुरू झालं असतं, हे आम्हाला सुचलंच नाही. हाडवैद्यानं गरम तेलानं चोळून पट्टी आवळली, तसा ठणका वाढला. आठवड्यानं सूज आपोआप उतरली आणि आम्ही हाडवैद्याचेच गुण गायले. पुढे दर दोन-तीन महिन्यांनी तेच. अब्बा दुकानातून दुखण्यावरच्या गोळ्या आणून खात आणि कामावर जात.

बऱ्याच वर्षांनी लातूरच्या मोठ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, एक्स-रे काढला.

"हा गाऊट आहे. युरिक ॲसिडचे बारीक खडे सांध्यात साचतात. मार न लागता रातोरात सांधा सुजला तर चोळायचं नाही. पाय उंच ठेवायचा, फडक्यात बर्फ धरायचा आणि लगेच डॉक्टर गाठायचा. सोबत ताप असला तर तासभरही थांबायचं नाही. सांध्यात पू असू शकतो."

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"सांधा झिजलाय. इतकी वर्षं खाल्लेल्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी किडन्याही खराब झाल्यात. औषधानं पुढचं नुकसान थोडं थांबेल. गेलेलं परत येणार नाही."

लातूरजवळच्या आमच्या मुरुडला परतताना बसमध्ये अब्बांचा हात सवयीनं अंगठा चोळायला गेला आणि मध्येच थांबला. मी त्यांचा पाय उचलून माझ्या पिशवीवर ठेवला.