भोंगाबाईंनी केलेलं कौतुक

सहावीच्या वर्गशिक्षिकेला सगळी शाळा पाठीमागे भोंगाबाई म्हणायची. तोंडावर म्हणायची सोयच नव्हती, बाईंच्या तोंडापुढे कोणाचं काही चालत नसे. त्या कानात काही सांगू लागल्या की शेजारच्या वर्गातली मुलं ते वहीत उतरवून घेत. मन मात्र लोण्याचं. आणि ह्या लोण्यानंच घात केला.

वर्गात पेन्सिल नावाची एक उंच, किडकिडीत मुलगी होती. मधल्या सुट्टीत वर्गातला दांडगट पैलवान आणि त्याचे दोन चमचे वर्गातल्या सर्वांत बुटक्या मुलाला संडासात कोंडून दाराला टेकून डबा खायचे, डबाही त्याचाच. पेन्सिलनं हे बाईंना एकांतात गाठून सांगितलं. बाईंनी पोराला सोडवलं, पैलवानाला झापलं आणि दुसऱ्या दिवशी भरल्या वर्गात गदगदून म्हणाल्या, "हे सगळं कोणी सांगितलं ठाऊक आहे? आपल्या पेन्सिलनं! वाजवा टाळ्या!"

टाळ्या वाजल्या नाहीत. वाजली ती पेन्सिलची.

दुपारपर्यंत ती 'खबरी' झाली. तिचा बाक ओला, दप्तर कचऱ्याच्या डब्यात. कोणी शेजारी बसेना. चौथ्या दिवशी तिचे वडील शाळा सोडल्याचा दाखला मागायला आले.

"खरं बोलून पोरीनं मार खायचा, तर दुसरीकडे तरी खाऊ दे," ते म्हणाले.

"आठवडाभर थांबा," मुख्याध्यापिका म्हणाल्या. ह्या बाई सुकलेल्या लिंबासारख्या, पण डोकं ताजं. वडील गेल्यावर त्या भोंगाबाईंकडे वळल्या. "कौतुक केलंत?"

"भरल्या वर्गात," भोंगाबाई पुटपुटल्या. रस्त्यावरच्या लोकांनाही ते कळलं. "आता पेन्सिल आणि पैलवानाला समोरासमोर बसवून हात मिळवायला लावते."

"अजिबात नाही! इथं हात मिळवतील, बाहेर पिळतील. आधी पोरीची माफी मागा. एकांतात. हळू आवाजात."

बाईंनी मागितली. पेन्सिल म्हणाली, "बाई, फक्त पुन्हा कौतुक करू नका."

मग दोघी कामाला लागल्या. पैलवान आणि चमचे, तिघांना एकाच वेळी वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं, म्हणजे गोष्ट जुळवायला वेळ मिळू नये. बाकीच्या पोरांनाही एकेकटं बोलावलं, म्हणजे कोण काय बोललं हे कोणालाच कळू नये. पैलवानाला मुख्याध्यापिकांनी शांतपणे सांगितलं, "जुन्याची शिक्षा वेगळी. तिला बोट लावलंस, टोमणा मारलास किंवा मित्राकडून मारवलास, तर तो नवा गुन्हा." हेच पालकांसमोर पुन्हा सांगितलं. पैलवानाचे वडील म्हणाले, "अहो, पोरं आहेत, चालायचंच."

"चालणार नाही," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "तिघं आता शाळा सुटल्यावर गर्दी पांगेपर्यंत इथंच बसतील. त्यांना घ्यायला तुम्ही यायचं."

वर्गातल्या सगळ्यांच्याच जागा बदलल्या, एकट्या पेन्सिलची नाही. संडासाच्या वाटेवर आणि जिन्यात सुट्टीभर शिक्षक उभे राहिले. पेन्सिलची रोजची विचारपूस मात्र ग्रंथपालांकडे दिली. भोंगाबाईंनी चौकशी केली असती, तर ती गावाला ऐकू गेली असती.

वर्गात बाई म्हणाल्या, "कोणाला अडकवायला सांगतात ती चहाडी. अडकलेल्याला सोडवायला सांगतात ती मदत."

"बाई, हा माझा गृहपाठ उतरवतो!" मागून आवाज आला.

"ही चहाडी. बस खाली."

दोन दिवसांनी एक मुलगी बाईंच्या कानात कुजबुजली: आज शाळा सुटताना पैलवानाच्या वरच्या वर्गातल्या चुलतभावाची टोळी सायकलींपाशी पेन्सिलला गाठणार आहे. भोंगाबाईंनी मुख्याध्यापिकांना कळवलं, पेन्सिलला दोन मैत्रिणींसोबत पुढच्या दारानं बाहेर काढलं, आणि स्वतः बिस्किटांचा पुडा घेऊन सायकलींपाशी ठाण मांडलं. टोळी आली. बाईंनी त्यांना बिस्किटं वाटली आणि आपल्या नवऱ्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची कथा सुरुवातीपासून ऐकवली. पोरं रडकुंडीला आली. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी बोलावलेले टोळीचे आईबाप हजर. चुलतभाऊ विचारत होता, "सांगितलं कोणी?" बाईंनी तोंड उघडलं, आणि बिस्कीट कोंबून बंद केलं.

आठवडा सरला. वडील पुन्हा आले ते दाखल्यासाठीच. मैदानात आरडाओरडा चालला होता. पेन्सिल एका मुलीशी हमरीतुमरीवर आली होती, "मी बाद नाहीये! विचार सगळ्यांना!" आणि पाच-सहा पोरं तिच्या बाजूनं घसा ताणत होती. बुटका तर सर्वांत मोठ्यानं.

वडिलांना बघून ती वैतागली. "बाबा, आत्ता कशाला आलात? आमचा डाव चाललाय!"

"काही नाही गं," वडील म्हणाले आणि कार्यालयाकडे न जाता पायरीवर बसले. "खेळ तू. मी निकाल बघून जातो."