कुंडीतल्या पिसवा

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, लोधिवलीच्या अलीकडे एका नर्सरीत मला पहिली नोकरी लागली. वनस्पतिशास्त्र घेऊन पदवी मिळवणारी आमच्या घरातली मी पहिलीच. शेठनी मला बसायला टेबल दिलं आणि गिऱ्हाइकांसमोर ‘आमच्या मॅडम’ म्हणाले. त्याचे उपकार मी अजून मानते.

झाडांना पाणी घालायचं काम मावशींकडे होतं. त्यांचा नवरा अंथरुणाला खिळलेला. घर याच कामावर चालायचं. शेठचा नियम असा, की रस्त्यावर गाडी थांबली रे थांबली की पाइप फिरवायचा. माती काळीभोर आणि पानं ओली दिसली की गिऱ्हाइकाला झाड ताजं वाटतं. कुंडीत झाड कुठलंही असो. मी एकदा म्हटलं, “शेठ, स्नेक प्लांटला इतकं पाणी सोसत नाही.” ते हसले. “विकेपर्यंत जगलं म्हणजे झालं.”

माथेरानच्या एका हॉटेलाचे मॅनेजर स्वागतकक्षासाठी स्नेक प्लांट बघायला आले. गाडी दिसताच मावशींनी पाइप फिरवला. मॅनेजरनी एक कुंडी उचलली आणि तशीच खाली टाकली.

“हे काय उडतंय? पिसवा?”

ओल्या मातीवर राखाडी-पांढरे कण टुणटुण उडत होते. पाणी पडल्यामुळे सगळे वर आले होते.

“हॉटेलात पिसवा नेऊ मी? गिऱ्हाईक माझ्या तोंडावर चादर फेकेल.”

शेठ गडबडले आणि मावशींकडे वळले. “घरी शेरडं पाळतेस ना गं? तुझ्याच लुगड्यातून आल्यात.”

“शेठ, मी रोज आंघोळ करून येते.”

“कशानं? शेरडाच्या मुतानं?”

रोपं भरणारे गडी खो-खो हसले. एक जण म्हणाला, “मावशे, आजपासून डबा लांब बसून खा गं!” रोज मावशींच्या डब्यातली चटणी मागून खाणारा तोच. मावशी पदर झटकून बघू लागल्या, खरंच काही पडतंय का ते. ते बघून सगळे आणखी हसले.

मला राहवलं नाही. मी बशीत पाणी घेतलं, त्यात चिमूटभर माती सोडली. कण पाण्यावर तरंगले, आणि तिथूनही उडाले. मी मॅनेजरच्या हाती भिंग दिलं.

“सर, या पिसवा नाहीत. यांना स्प्रिंगटेल म्हणतात. पोटाखाली दुमडलेली शेपटी असते, ती झटकून उडी मारतात. रक्त पीत नाहीत, चावत नाहीत. मातीतली बुरशी आणि कुजका पाला खातात. झाडाला त्यांचा त्रास नाही. वरची माती सुकू दिली की आपोआप कमी होतात.”

मॅनेजरनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. मावशी माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता.

“मग हे झाड मऊ का लागतंय?” मॅनेजरनी पान धरून हलवलं. पान बुडापासून सुटून त्यांच्या हातात आलं. कुबट वास सुटला.

मी कुंडी उलटी केली. मुळं तपकिरी, लिबलिबीत. “मुळं कुजली आहेत. किड्यांमुळे नाही. माती सारखी ओली राहिल्यामुळे.”

“पाणी कोण घालतं?”

शेठनी क्षणभरही वेळ लावला नाही. बोट मावशींकडे गेलं. “ही. किती वेळा सांगितलं, कमी घाल. अडाणी बाई, ऐकते कुठं!”

“शेठ, तुमीच बोललात ना, गाडी थांबली की...”

“तोंड बंद! उद्यापासून येऊ नकोस.”

मी म्हणाले, “शेठ, नियम तर तुमचा...”

ते माझ्याकडे न बघता मॅनेजरना म्हणाले, “आमच्या मॅडम ग्रॅज्युएट आहेत. बघा, त्यांनीच चूक शोधून काढली.” मॅनेजरनी मान डोलावली आणि दुसऱ्या कुंड्या दाखवायला सांगितलं.

मावशी पिशवी घेऊन निघाल्या. मी फाटकापर्यंत मागे गेले.

“मावशी, मी तुमच्या बाजूनं बोलायला गेले होते.”

“ठाव हाय गं.” त्या थांबल्या नाहीत. “शेठ पिसवा बोलत व्हता तवा बोलू द्यायचं. अवशीद मारलं असतं आन् इसरला असता. आमाला हसून घेतात, त्यानं काय मरत नाय आमी. कामावरून काढलं तर मरतो.”

त्या रस्ता ओलांडून गेल्या. मागून एका गड्यानं ओरडून विचारलं, “मावशे, पिसवा घेतल्यास ना सगळ्या?”

मी टेबलापाशी परतले. रस्त्यावर एक गाडी थांबली होती. शेठनी पाइप उचलून माझ्या हातात दिला. “नवी बाई मिळेपर्यंत तू मार. आणि माती काळी दिसली पाहिजे.”

मी नळ सोडला.