बर्फीचे तीन तुकडे आणि सरांचं वजन

फूड टेक्नॉलॉजीच्या तिसऱ्या वर्षी ‘अन्नातील मिश्रके’, म्हणजे फूड अ‍ॅडिटिव्ह्ज, या विषयाच्या तोंडी परीक्षेत मी नापास झाले होते. लेखी परीक्षेत सत्तरच्या वर गुण होते. तोंडीला परीक्षकांनी चार प्रश्न विचारले, मला चारही येत होते, आणि मी चारही वेळा टेबलाच्या कडेकडे बघत बसले. लोकांना वाटायचं, इंग्रजी माध्यमाची मुलगी, मराठीत अडखळत असेल. तसं काही नव्हतं. मी दोन्ही भाषांत सारखीच गप्प असे.

पुन्हा नापास झाले असते तर वर्ष गेलं असतं, आणि शेंद्र्याच्या एका बिस्किट कारखान्यात ठरलेलं सहा महिन्यांचं प्रशिक्षणही. त्यामुळे दुसऱ्या खेपेला मी सगळी तयारी केली. फक्त बोलण्याची तयारी कशी करतात ते कोणी शिकवलं नव्हतं.

या खेपेला तोंडीबरोबर एक पदार्थही करून दाखवायचा होता, दोघींनी मिळून. माझी जोडीदारीण पिशोर गावची. तिचाही हाच विषय राहिलेला, पण उलट्या कारणाने. ती तोंडीला इतकं बोलायची की त्यात चूक सापडायचीच. मला ती ‘मॅडम’ म्हणायची, कारण मी डब्यातली पोळी काट्याने खाते असा तिने स्वतःच शोध लावला होता. तो खोटा होता, पण मी कधी खोडला नाही.

“आपून शुगर फ्री बर्फी करू,” ती म्हणाली. “माझ्या आत्याला शुगर हाय. लई जीव जातो तिचा गोडासाठी.”

पहिली बर्फी तिने माझी वाट न बघता केली. खव्यात अ‍ॅस्पार्टेम घातलं आणि अर्धा तास परतत बसली. अ‍ॅस्पार्टेम उष्णतेत टिकत नाही, त्यामुळे गोडी सगळी निघून गेली. शिवाय ते साखरेच्या दोनशेपट गोड, म्हणून घालायचं चिमूटभरच. साखर निघाली की बर्फीचं अंगच जातं, भरीवपणा राहत नाही, तसंच झालं. कढईत उरला तो नुसता तुपकट गोळा.

“हे काय झालं गं?” तिने विचारलं.

मी वहीत लिहून दाखवलं. गोड करणारे पदार्थ दोन घरचे. एक तीव्र गोडीचे, चिमटीत मावणारे. दुसरे पोषक, म्हणजे ऊर्जा देणारे आणि पदार्थाला अंग देणारे. साखर त्यांतली, आणि सॉर्बिटॉल, माल्टिटॉलसारखे पॉलिओलही. पॉलिओलना शुगर अल्कोहोल म्हणतात. नशा त्यांनी होत नाही, आणि ते आपली नेहमीची साखरही नव्हेत. अ‍ॅस्पार्टेमवर परीक्षेत हमखास प्रश्न येतो, कारण ग्रॅममागे त्याची ऊर्जा साखरेइतकीच, चार कॅलरी. त्यामुळे काही पुस्तकं त्यालाही पोषक म्हणतात. पण पोटात जातं इतकं थोडं की ती ऊर्जा मोजण्यासारखी नसते.

“म्हणजे अंगाला सॉर्बिटॉल,” ती म्हणाली.

मी मान हलवली. सॉर्बिटॉलची गोडी साखरेच्या निम्म्याहून थोडी जास्त, म्हणून कमी पडलेली गोडी भरून काढायला उष्णतेत टिकणारं सुक्रालोज, कणभर. दुसऱ्या खेपेला बर्फी अशी जमली की प्रयोगशाळेतले मामा चाखून म्हणाले, “आगं, ही तर आपल्या दुकानातल्यावानी झाली!” मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळा सहायक. बर्नर पेटवण्यापासून परीक्षकांना चहा देण्यापर्यंत सगळं तेच करत.

परीक्षेच्या सकाळी तिने बर्फीच्या ताटापुढे ठेवायला एक पुठ्ठा रंगवून आणला. घटक लिहिले होते, प्रमाण लिहिलं होतं: प्रत्येक तुकड्यात बारा ग्रॅम सॉर्बिटॉल. खाली लाल शाईत: ‘सॉर्बिटॉलला दैनंदिन सेवनाची मर्यादा नाही.’

मी ते वाचलं. चूक कुठून आली तेही कळलं. आमच्या पुस्तकात एक तक्ता होता. अ‍ॅस्पार्टेमपुढे चाळीस, सुक्रालोजपुढे पंधरा, म्हणजे शरीराच्या दर किलो वजनामागे रोज आयुष्यभर घेतलं तरी चालेल इतके मिलिग्रॅम. सॉर्बिटॉलपुढे आकडाच नव्हता, ‘निर्दिष्ट नाही’ एवढंच. आकडा नाही याचा अर्थ विषबाधेच्या भीतीने आकडा ठरवायची गरज पडली नाही. पोट बिघडणार नाही असं वचन त्यात कोणी दिलेलं नाही. पॉलिओल असलेल्या पाकिटावर ‘जुलाब होऊ शकतात’ अशी सूचना छापावी लागते, ती पुठ्ठ्यावर कुठेच नव्हती.

सांगायला हवं होतं. पण ती रात्रीच्या बसमध्ये बसून तो पुठ्ठा मांडीवर सांभाळत आली होती, आणि विचारत होती, “अक्षर कसं आलंय, मॅडम?”

“छान,” मी म्हणाले.

बाहेरून आलेले परीक्षक अंगाने भारदस्त होते. पाच तास बसने आले होते आणि दुपारच्या बसने परत जायचे होते. खुर्चीत बसताबसताच त्यांची नजर ताटाकडे गेली.

“साखर नाही ना?”

“अजिबात नाय सर,” जोडीदारीण म्हणाली.

सरांनी पहिला तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. “आठ वर्षं झाली,” ते म्हणाले. “घरात सणाला बर्फी येते आणि मला काकडी मिळते.” दुसरा तुकडा उचलत त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “हं, तुम्ही सांगा. माझ्या पोटात दिवसाला किती अ‍ॅस्पार्टेम गेलं तर चालेल?”

सोपा प्रश्न होता. वजन गुणिले चाळीस. आणि तिथेच मी अडकले. इतक्या मोठ्या माणसाला, तेही असं शरीर असलेल्या, वजन किती म्हणून कसं विचारायचं? अंदाज करावा तर जास्त सांगितलं की अपमान, कमी सांगितलं की उत्तर चूक. साठ किलो धरून सांगावं, पुस्तकात असतं तसं, तर समोर साठ किलो दिसत नव्हते. मी टेबलाच्या कडेकडे बघू लागले. टेबलही मागच्या परीक्षेचंच होतं.

“येत नाही?” सर म्हणाले आणि कागदावर काहीतरी टिपलं. मग जोडीदारणीकडे वळले. “तुम्ही सांगा, सॉर्बिटॉल किती खावं?”

“कितीबी खा सर! मर्यादाच नाय!” तिने पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं.

सरांनी तिसरा तुकडा खाल्ला. मी मोजत होते. छत्तीस ग्रॅम. काही माणसांचं पोट विसातच कुरकुरतं, पन्नासच्या आसपास बहुतेकांचं बिघडतं. सॉर्बिटॉल लहान आतड्यात सावकाश आणि अर्धवटच शोषलं जातं. उरलेलं पुढे जाऊन आतड्यात पाणी ओढून घेतं, आणि तिथले जिवाणू ते आंबवून वायू करतात. त्या उन्हाळ्यात आमच्या शहरात पाणी ओढण्याचं काम इतकं चोख दुसरं कोणी करत नव्हतं. सिडकोत आमच्या घरी पाचव्या दिवशी नळ येई. शहराच्या कडेने नव्या इमारती उठत होत्या, त्यांच्या गच्चीवर रंगीत टाक्या होत्या आणि टाक्यांत वारा होता. कॉलेजचा टँकर त्या दिवशी आलाच नव्हता. स्वच्छतागृहाच्या दाराला मामांनी सकाळीच सुतळी बांधली होती.

सरांनी चौथा तुकडा उचलला. “बसमध्ये खायलाही द्या चार-पाच, कागदात बांधून.”

पाच तासांची बस.

“सर, नका खाऊ,” मी म्हणाले.

आवाज माझाच होता, पण जरा जास्तच मोठा निघाला. मामांच्या हातातली कपबशी वाजली. जोडीदारणीने माझ्याकडे असं बघितलं, जणू प्रयोगशाळेतला वजनकाटा बोलला.

“का?” सरांचा हात हवेत थांबला. “मर्यादा नाही म्हणता ना तुम्ही?”

“मर्यादा निर्दिष्ट नाही, सर. म्हणजे विषारी नाही इतकंच. पण एका वेळी जास्त झालं तर जुलाब होतात. तुमच्या पोटात छत्तीस ग्रॅम गेलंय. हा धरून अठ्ठेचाळीस होईल. आणि,” इथे मी थांबायला हवं होतं, पण आता थांबता येईना, “आज टँकर आलेला नाही.”

सरांनी चौथा तुकडा ताटात परत ठेवला, अगदी होता त्या जागी. मग विचारलं, “कसे होतात जुलाब?” मी सगळं सांगितलं, आतड्यापासून जिवाणूंपर्यंत. मध्ये एकदाही टेबलाकडे बघितलं नाही.

“मग हे पुठ्ठ्यावर का नाही?”

“चुकलं सर,” जोडीदारीण म्हणाली. “अक्षर माझं हाय.”

“मी वाचलं होतं,” मी म्हणाले. “सकाळीच.”

सरांनी आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघितलं. “एक बोलते ते चुकीचं, दुसरीला बरोबर येतं ती बोलत नाही. आणि मध्ये माझं पोट.” त्यांनी पेन उघडलं. “आता मघाचं सांगा. अ‍ॅस्पार्टेम.”

“सर, आपलं वजन किती?” मी विचारलं.

मामा एकदम खिडकीकडे वळून उभे राहिले.

“त्र्याऐंशी,” सर म्हणाले. “घरी ऐंशी सांगतो.”

“तीन हजार तीनशे वीस मिलिग्रॅम. घरी तीन हजार दोनशे.”

सर हसले. हसता हसता मध्येच थांबले, आणि त्यांचा चेहरा काहीतरी लांबचं ऐकत असल्यासारखा झाला. त्यांनी पेन खाली ठेवून शांतपणे विचारलं, “मामा, ती सुतळी सुटते का?”

काचसामान धुवायला भरून ठेवलेल्या पाण्याच्या दोन बादल्या मामांनी उचलल्या आणि दोघे निघून गेले. बाहेरून मामांचा आवाज आला, “सावकाश सर, पायरी हाय.”

“व्हय गं,” जोडीदारीण हळूच म्हणाली, “तू सकाळी नुसतं छान म्हणलीस?”

“अक्षर खरंच छान होतं.”

“गप बस आता,” ती म्हणाली. मला हे आयुष्यात पहिल्यांदाच कोणी म्हणत होतं.

सर दुपारच्या नाही, संध्याकाळच्या बसने गेले. दोघींनाही पास करून गेले. पंचविसापैकी मला सोळा गुण, तिला अकरा. जाण्याआधी त्यांनी पुठ्ठ्यावरची लाल ओळ स्वतः खोडली आणि खाली सूचना लिहायला पेन माझ्या हातात दिलं.

ताटात नऊ तुकडे उरले होते. आवराआवर करताना मामा जवळ आले. “बेटा, हे मी नेऊ का?”

“मामा, यानं पोट—”

“ऐकलं मी सगळं.” त्यांनी तुकडे मोजून कागदात बांधले. “आमच्या वॉर्डात नळाचा व्हॉल्व्ह सोडणारा हाय ना, त्याला लई आवडती बर्फी. आठ दिवस झाले, आमच्या गल्लीत पाणी नाय.”

मी पुडी परत उघडली, सात तुकडे काढून घेतले आणि दोन ठेवले.

“एवढंच, मामा,” मी म्हणाले. “व्हॉल्व्ह सोडायला तो जागेवर हवा.”