बाटलीतला कापूस

सारिकाच्या गोळ्यांच्या बाटलीत कायम कापूस कोंबलेला असे, हलवली तरी वाजू नये म्हणून. शिरूर जवळ असूनही गोळ्या आणायला ती दौंडला जाई. ओळखीचं कुणी भेटायला नको. दौंडची काही माणसं त्याच कारणानं शिरूर गाठत. एस्ट्या दोन्हीकडून भरलेल्या.

नवरा मरताना तिला एचआयव्ही देऊन गेला, तेव्हापासून ती भावाकडं. तिथं तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. तिनं तोडलेली शेवंती मात्र देवाला चाले.

अशात कुरकुंभच्या कंपनीत पाळीवर जाणारा हनुमंत, विधुर माणूस, तिला मागणी घालायला आला. तिनं आधी आजार सांगितला, मग चहा दिला. हनुमंतानं चहा घेतला. एवढ्यावरच तिचा जीव त्याच्यावर जडला.

दोघं दौंडला समुपदेशक बाईंकडं गेले. बाई म्हणाल्या, "ह्यांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, कित्येक वर्षं तपासणीत सापडत नाही. रोज गोळी घेऊन तो तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तुम्हाला लागण होणार नाही."

"म्हंजी थोडीबी भीती न्हाई?"

"नाही. गोळी मात्र सोडायची नाही."

परतीच्या वाटेवर हनुमंतानं तिला उसाचा रस पाजला. एकाच ग्लासातून. सारिकानं भावाच्या घरातलं आपलं ताट मनातल्या मनात भंगारात घातलं.

लग्नाचं बोलायला ती त्याच्या घरी गेली. त्याची आई मालनबाई खुशीत होती. "सापडत न्हाई म्हंजी गेलाच की गं! हन्मा म्हणला मला."

"गेला न्हाई, आत्या. गोळीनं दबलाय. सोडली की काही आठवड्यांत पुन्हा वर येतो."

"मग त्या बाटलीचं काय? घरात चार बाया येत्यात. उद्या कुणी इचारलं तर? गोळ्या बंद कर आन् ये."

सारिकानं हनुमंताकडं पाहिलं. बाईंचं बोलणं त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

"आईचं मन राख," तो म्हणाला. "तसंबी रिपोर्टात काय न्हाई."

"गोळ्या हायत म्हणून न्हाई."

"म्हंजी तुला माझ्यापरीस बाटली मोठी?"

"तुमच्यासाठीच घेते मी ती," सारिका म्हणाली.

मालनबाईंना हे उर्मट वाटलं. हनुमंताला कंपनीतली पाळी आठवली. चप्पल घालून तो निघाला. विषाणूला तो घाबरला नव्हता, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. तो शेजारणींना घाबरला. त्यांच्यावर अजून गोळी निघालेली नाही.

त्या रात्री जेवून सारिकानं आपलं ताट घासलं, वेगळ्या फळीवर पालथं घातलं. बाटलीतला कापूस काढला, गोळी गिळली आणि कापूस पुन्हा कोंबला. वहिनीनं आतून विचारलं, "काय गं, कवा ठरलं मग?"

"न्हाई ठरलं," सारिका म्हणाली.

वहिनी बाहेर आली. फळीवरचं ताट तिनं जरा आणखी कडेला सरकवलं.