पुढील हुकूम होईपर्यंत

मुलकी परीक्षेला आम्ही दोघं खालापुराहून कर्जतला चालत गेलो. मी आणि माझा सोबती. तो कुंभिवलीच्या एका शेतकऱ्याचा मुलगा, त्यांच्या घरात पहिलाच लिहायला शिकलेला. परीक्षा पास झाली की शाळेत मास्तरकी किंवा कचेरीत कारकुनी मिळे, म्हणून वर्षभर आम्ही माझ्या घरच्या ओसरीवर एकत्र अभ्यास केला होता. तो गणितात माझ्यापेक्षा बरा, मी व्याकरणात.

कर्जतच्या शाळेला कुलूप होतं. दारावर कागद डकवलेला: गावात प्लेगाची लागण असल्यामुळे परीक्षा पुढील हुकूम होईपर्यंत तहकूब. अर्धं गाव माळावर झोपड्या बांधून राहायला गेलं होतं. हेडमास्तरांना आम्ही तिथं गाठलं. त्यांनी लांबूनच बोलायला सांगितलं. शाळाखात्याच्या डेप्युटी साहेबांचा हुकूम येताच त्यांनी प्रत्येक शाळेला पत्र धाडलं होतं. आमचंही खालापूरला गेलं होतं. बहुधा वाटेत टपालवाला आणि आम्ही एकमेकांना ओलांडून गेलो असू. अर्ज पुन्हा करावा लागणार नाही, नंबर तोच राहील, फी बुडणार नाही, एवढं त्यांनी सांगितलं. तारीख त्यांनाही ठाऊक नव्हती. इतर ठिकाणी परीक्षा होऊन गेली होती, म्हणून आमच्यासाठी प्रश्न नव्याने काढावे लागणार होते.

अंथरुणाची वळकटी पुन्हा खांद्यावर घेऊन आम्ही परतलो.

मग वाट पाहणं सुरू झालं. पाठ केलेलं विसरू नये म्हणून तेच धडे पुन्हा वाचायचे, आणि वाचून वाचून त्यांचा वीट यायचा. दर टपालाला मी आमच्या शाळेत जाऊन विचारी. मास्तर नुसती मान हलवत. शेवटी त्यांनी सांगून ठेवलं की पत्र आलं तर मीच घरी येईन, तू रोज हेलपाटा घालू नकोस.

आणि एके दिवशी ते खरंच आले. कर्जतचं केंद्र रद्द होऊन परीक्षा नेरळला ठरली होती. प्रत्येक उमेदवारानं आपल्या गावात लागण नसल्याचा दाखला कचेरीतून आणायचा; दाखल्याशिवाय आत घेणार नाहीत. दिवस थोडे होते. कुंभिवलीला निरोप द्यायला माणूस मिळेना, कारण त्या गावात उंदीर मरून पडू लागल्याची बातमी आली होती. मास्तर म्हणाले, तिथल्या पाटलाला टपालानं चिठ्ठी धाडतो, पोचेल तेव्हा पोचेल. मला ते पटलं नाही. मीच निघालो.

गावाबाहेर झोपड्यांची रांग होती आणि अलीकडे पहाऱ्याला एक शिपाई. माझ्या सोबत्याच्या चुलत्याला ताप येऊन तो वारला होता, म्हणून घरातल्या सगळ्यांना वेगळं ठेवलं होतं. शिपायानं सोबत्याला हाक मारली. तो बांधापलीकडे येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. मी तिथूनच तारीख, ठिकाण आणि दाखल्याचं सांगितलं.

"दाखला कोन देनार मला?" तो म्हणाला.

शिपाई पानाला चुना लावत होता. मी हळूच म्हटलं, रानातून ये, खालापूरच्या नावावर दाखला मिळतो का ते पाहतो. माझा एक लांबचा नातेवाईक कचेरीत होता.

तो बांधापासून एक पाऊल मागे सरला.

"नाय रं. तिथं वीस-पंचवीस पोरं एका खोलीत बसनार. माझ्या अंगात काय हाय, मला तरी म्हाईत हाय का? तू जा. अन् मास्तरांना सांग, माझा अर्ज जिता ठेवायला."

मी त्याचा निरोप मास्तरांना दिला. त्यांनी डेप्युटींना लिहिलं, त्याला वेगळं ठेवल्याचा पाटलाचा दाखला जोडला. उत्तर यायच्या आत मी नेरळला जाऊन परीक्षा दिली. दारात कचेरीचा माणूस एकेकाचा दाखला पाहून बगलेत हात घालून गाठ चाचपत होता. पेपर बरे गेले. आनंद मात्र झाला नाही, नुसती झोप येत होती.

सोबत्याला पुढल्या साली जुन्याच फीवर बसू द्यावं, असं उत्तर आलं. ते मी स्वतः त्याला वाचून दाखवलं. तोवर तो घरी परतला होता, आणि त्याची आई झोपडीतच वारली होती. शेत एकट्यावर पडलेलं. तरी पुढल्या साली तो बसला आणि पास झाला. पण नोकरी त्यानं घेतली नाही. गावात कागद वाचायला माणूस लागतो, म्हणाला.

मला डोंगराकडच्या एका शाळेत नेमलं. पुढं कितीतरी वर्षं प्लेग येत राहिला, परीक्षा पुढे ढकलल्या जात राहिल्या, आणि उमेदवारांच्या घरी निरोप घेऊन जाणं माझ्याच वाट्याला आलं. दारात मला पाहिलं की पोरं धास्तीनं उठून उभी राहत, आणि निरोप सांगण्याआधी मी बसून पाणी मागत असे.